मदत हवी आहे: दुकान-दुकान खेळताना मुलं पैसे नाही, नाणी मोजतात

खडूची_धूळ
माझ्याकडे दुसरीचा वर्ग आहे, २८ मुलं. वर्गाच्या कोपऱ्यात दुकान मांडलंय. खोडरबर ३ ला, पेन्सिल ५ ला, चेंडू १२ ला, अशा चिठ्ठ्या डकवल्यात. पुठ्ठ्याची १, २ आणि ५ ची नाणी, कागदाच्या १० आणि २० च्या नोटा. खेळ रंगतो, पण शिकणं होतंय का याची शंका यायला लागली आहे.

परवा एक मुलगी चेंडू घ्यायला आली. तिने वीसची नोट दिली. दुकानदार झालेल्या मुलाने (हा गडी हुशार आहे) पाच, दोन आणि एक अशी तीन नाणी परत केली. हिशोब चोख. मुलगी नाचतच माझ्याकडे आली, "बाई, मी एकच दिला, मला तीन मिळाले! आणि चेंडूपण!"

दुसरा एक मुलगा, त्याच्यापुढे दोन दहाच्या नोटा, एक पाचाचं आणि दोन एकची नाणी होती. "दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास." एकदम आत्मविश्वासाने. हाच मुलगा वहीत नुसत्या पाच-पाचच्या नाण्यांची चित्रं दिली की बरोबर उत्तर लिहितो.

दुकान लवकर मांडलं का मी? की मांडण्यातच चूक आहे?

हिशोबी_माणूस
चूक मांडण्यात नाही, क्रमात आहे. ज्याला २० वजा १२ येत नाही तो सुट्टे काय देणार आणि घेणार काय? आधी हातच्याची वजाबाकी पक्की करा, मग दुकान. आणि पुठ्ठ्याची नाणी काढून टाका, खरी वापरा. वजन हातात आलं की किंमत आपोआप कळते.

जुनी_पाटी
खऱ्या नाण्यांबद्दल निम्मं पटलं. ओळखायला खरीच बरी, पण वजनावरून किंमत कळत नाही. उलट जड आणि मोठं नाणं जास्तीचं, असा गैरसमज पक्का होतो.

पण ताई, तुमच्या मुलीची अडचण वजाबाकीची नाहीच. दोन वर्षं आपण तिला काय शिकवलं? एका वस्तूवर एक बोट, एक आकडा. मणी, काड्या, खडे, सगळं तसंच मोजून घेतलं. आता अचानक एक वस्तू हातात देऊन आपण म्हणतो "हे पाच". तिच्या नियमाने ती बरोबरच मोजते आहे.

मी असं करते. जुन्या चौकटीच्या वहीतून पट्ट्या कापायच्या: पाच घरांची, दहा घरांची, वीस घरांची. पाचाच्या नाण्याखाली पाच घरांची पट्टी, वीसच्या नोटेखाली वीस घरांची. दोनच्या नाण्याखाली दोन घरं, एकच्या नाण्याखाली एक. मग तुमचा चेंडूचा व्यवहार पुन्हा करा. मुलीने नोट दिली की तिची वीस घरांची लांब पट्टी बाकावर पसरायची. परत आलेल्या तीन नाण्यांच्या पट्ट्या तिच्यावर एकापुढे एक ठेवायला सांगा. पाच, दोन, एक. आठ घरं झाकली, बारा उघडी राहिली. विचारा, "ही उघडी घरं कुठे गेली?" मुलं चेंडूकडे बघतात. काही जण तर चेंडू उचलून त्या घरांवर ठेवतात. त्या वेळी आपण बोलायचं नाही. मला हे गप्प बसणं शिकायला बरीच वर्षं लागली.

पट्टी कायमची नको, नाहीतर मुलं घरं मोजत बसतात. घरांना बोट न लावता "पाच" म्हणाली की काढून घ्या, भांडण झालं तरच बाहेर.

कळलंय का ते बघायला विचारा: एक पाचाचं घेशील की एकची तीन? आणि लगेच दुसरं: एक पाचाचं की एकची सहा? दुसरा प्रश्न गाळू नका. पहिल्याला बरोबर सांगणारी पुष्कळ मुलं दुसऱ्यालाही पाचाचंच उचलतात, म्हणजे त्यांना एवढंच समजलंय की मोठा आकडा छापलेलं नाणं घ्यायचं.

सोनूची_आई
आमचा सात वर्षांचा आहे. घरी दुकान मांडतो तेव्हा पैसेच नसतात. मी गिऱ्हाईक झाले की एक चौकोन काढलेला कागद पुढे करतो आणि म्हणतो, "स्कॅन करा." मग तोंडाने टिंग असा आवाज. 😄 त्याला महिन्याचा खाऊचा पैसा सुरू करावा का? किती द्यावा?

जुनी_पाटी
सोनूची आई, तो वेगळा विषय, वेगळा धागा काढा. एकच सांगते: टिंगच्या दुकानात मोड द्यावी लागत नाही, त्यामुळे हा सगळा भाग त्याच्या खेळात येतच नाही. तुम्ही हट्टाने नोट पुढे करा.

खडूताई, दुसऱ्या मुलाचं राहिलं. त्याला दहाचे टप्पे येतात, पाचाचेही येतात. अडतं ते मध्येच टप्पा बदलताना. आधी सारख्याला सारखं लावून घ्या, मोठं डावीकडे. "दहा, वीस" झालं की थांबायचं. डावा तळवा त्या दोन नोटांवर ठेवायचा आणि म्हणायचं, "हाताखाली वीस." मग पाचाचं नाणं हाताखाली सरकवायचं, "पंचवीस." मग एकेक, "सव्वीस, सत्तावीस." तो थांबा महत्त्वाचा. आणि पंधरा दिवस दोनची नाणी आणि वीसच्या नोटा गल्ल्यातून काढाच. एक, पाच, दहा पुरे.

खडूची_धूळ
आठ दिवसांनी लिहिते आहे. पट्ट्या चालल्या. त्या मुलीने बारा घरं दोनदा मोजली आणि मग म्हणाली, "म्हणजे चेंडूत बारा आहेत." तळव्याची युक्ती मुलाला आवडली, पण घाई झाली की अजून "तीस" निघतंच.

आता नवीन. ७ ची वस्तू, गिऱ्हाईकाने दहाची नोट दिली. दुकानदाराला मी पुढे मोजत जायला शिकवलं. तो म्हणतो "सात, आठ, नऊ, दहा" आणि चार नाणी देतो! एक नाही, पाच-सहा जण.

हिशोबी_माणूस
म्हणूनच म्हणत होतो. १० वजा ७, तीन. विषय संपला.

जुनी_पाटी
संपत नाही हो. वहीत तीन लिहून गल्ल्यातून चार काढणारी मुलं मी पाहिली आहेत. वजाबाकी पडताळ्याला ठेवा, नंतर.

ताई, "सात" म्हणताना नाणं उचलायचं नाही, वस्तू सरकवायची. वस्तू गिऱ्हाईकाकडे, "हे सात." मग नाणं, "आठ." नाणं, "नऊ." नाणं, "दहा." सात हा आकडा वस्तूने घेतला की नाण्याला तो उरत नाही. गिऱ्हाईकानेही सोबत मोठ्याने मोजायचं, चौथं नाणं आलं तर तोच ओरडतो.

हिशोबी_माणूस
वस्तू सरकवायचं बरं आहे. पण ३० तून २९ ची वस्तू आली की? माझी पुतणी एकोणतीस ऐकून तीन दहाच्या नोटा काढते आणि वर नऊ नाणी ठेवते.

जुनी_पाटी
हे मात्र खरं दुखणं आहे. शब्दात तीस ऐकू येतो आणि गल्ल्यात दहाच्या दोनच लागतात. मी किमतीची चिठ्ठी आकड्यातच लिहिते आणि दोनवर बोट ठेवून "दहाच्या किती?" विचारते. काहींना लागू पडतं. एकोणचाळीस, एकोणपन्नासला पुन्हा तीच गत. कुणाकडे याहून चांगलं काही असेल तर मलाही हवंय.

खडूची_धूळ
उद्या वस्तू सरकवून बघते. आणखी एक, दोघं खेळतात तेव्हा बाकीचे २६ काय करतात? चार दुकानं मांडली तर चुका मला दिसणार नाहीत, एकच ठेवलं तर रांगेत मारामारी.