प्रतिसाद: लेझर की ग्लू?

> आईच्या पायातल्या फुगलेल्या शिरांना (व्हेरिकोज व्हेन्स) लेझर करावं की ग्लू? किती दिवस झोपून राहावं लागेल?

झोपून अजिबात नाही, ताई. माझ्या आईला लेझरनंतर तासाभरात चालवलं. लेझरमध्ये शीर उष्णतेने बंद करतात, म्हणून तिच्याभोवती भूल मिसळलेलं पाणी टोचतात. तेच जास्त दुखतं. साधारण आठवड्याने मांडीत दोरी ओढल्यासारखं वाटू लागलं, तेव्हा आम्ही घाबरलो होतो. पण ती बंद झालेली शीर आखडत होती. पुढे ते आपोआप गेलं.

ग्लूने शीर चिकटवून बंद करतात. त्याला इतक्या सुया नाहीत, घट्ट मोजेही बहुधा लागत नाहीत. मात्र काहींना शिरेवर लाल, खाजरी सूज येते. चिकट पट्टीची किंवा नखांच्या ग्लूची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा. फोम म्हणजे शिरेत टोचायचं फेसाळ औषध, ते वाकड्यातिकड्या लहान शिरांना बरं. मोठी शीर त्याने पुन्हा उघडण्याची शक्यता जास्त.

पोटरी सुजून दुखली तर गुठळी नाही ना हे बघायला त्याच दिवशी डॉपलर सोनोग्राफी करा. दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत न्या.