व्हॉइड मूनमध्ये घराचं एक्सचेंज: कोणाचं ऐकायचं?

थेम्सकाठचा: इंग्लंडात रीडिंगला घर घेतोय. सॉलिसिटर म्हणतो गुरुवारी कराराचं एक्सचेंज करू, म्हणजे खरेदी बंधनकारक. बायकोची इंग्रज मैत्रीण वेस्टर्न अ‍ॅस्ट्रॉलॉजी करते, तिच्या मते त्या दिवशी पहाटे ५ ते रात्री ११ मून व्हॉइड ऑफ कोर्स, म्हणजे रास संपेपर्यंत चंद्राचा कुठल्याच ग्रहाशी योग उरत नाही, करार नको. माझं अ‍ॅप म्हणतं व्हॉइड दुपारी १ पासून. बरोबर कोण? आणि कोणी पाळतं का हे?

शंकासुर: कोणीच बरोबर नाही. हे व्हॉइड बिइड विसाव्या शतकातलं अमेरिकन फॅड आहे, कॅलेंडरं खपवायला काढलेलं.

सायनवाला: अर्धं बरोबर. व्हॉइडची तक्ते-कॅलेंडरं घरोघरी पोचवली ती अमेरिकन ज्योतिषी अल मॉरिसन वगैरे मंडळींनी, ते विसावं शतकच. पण कल्पना इंग्रज ज्योतिषी विल्यम लिलीच्या १६४७ च्या ग्रंथात आहे आणि त्याच्याही कितीतरी आधी ग्रीकांकडे होती.

थेम्सकाठचा, तुम्ही तारीख व्यनि केलीत म्हणून बघितलं. सकाळी ९ ला चंद्र पाश्चात्य म्हणजे सायन मिथुनेत साधारण २३ अंशांवर आहे आणि तासाला अर्धा अंश धरला तर रात्री ११ ला कर्केत जातो. २१ अंशांवर मंगळाशी युती झाली ती पहाटे ५ ला. त्यानंतर रास संपेपर्यंत शनीपर्यंतच्या जुन्या ग्रहांपैकी कोणाशीच योग नाही, म्हणून मैत्रिणीच्या हिशोबाने तिथूनच व्हॉइड. पण मीनेत २५ अंशांवर नेपच्यून बसलाय, त्याच्याशी केंद्रयोग दुपारी १ ला पूर्ण होतो आणि तुमचं अ‍ॅप तो मोजतं. लिलीला नेपच्यून माहीतच नव्हता, तो सापडला १८४६ ला. त्यामुळे दोघंही आपापल्या नियमाने बरोबर आहेत, अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये बाहेरचे ग्रह बंद करून बघा, पहाटे ५ च दिसेल.

आणि ग्रीकांचा नियम लावला तर त्या दिवशी व्हॉइड नाहीच! ते रास संपली का हे बघत नसत, चंद्राला पुढच्या ३० अंशांत एकही योग नसेल तरच व्हॉइड. इथे कर्केत शिरल्या शिरल्या २ अंशांवर शनीशी नवपंचम आहे. तसला व्हॉइड फार क्वचित येतो, आजचा मात्र दर दोन-अडीच दिवसांनी, कधी काही मिनिटांचा तर कधी दिवसभराचा.

शंकासुर: म्हणजे तीन नियम आणि तीन उत्तरं, आणि तुम्ही हे कौतुकाने सांगताय 😄

पमाताई: आम्ही फ्लॅटचं रजिस्ट्रेशन राहुकाळ टाळून केलं होतं, टोकन सकाळचं होतं पण सर्व्हर डाऊन, अंगठा लागला तो बरोब्बर राहुकाळात. सगळं छान चाललंय. तुम्ही पण सरळ पंचांग बघा ना, चंद्र तोच तर आहे.

सायनवाला: ताई, राहुकाळाचा याच्याशी संबंध नाही. आणि चंद्र तोच असला तरी राशींच्या सीमा वेगळ्या, सायन आणि पंचांगाच्या निरयन राशींत जवळपास २४ अंशांचा फरक. पंचांगात तो मिथुनेत शिरेल तेव्हा सायनवाल्यांचा चंद्र मिथुनेच्या शेवटाकडे, साधारण २४ अंशांवर पोचलेला असेल, जवळपास दोन दिवसांचा फरक पडतो. व्हॉइड राशीच्या शेवटावर ठरतो, म्हणून दोन्हीची भेसळ करू नका.

वकीलीण_लंडन: मला ज्योतिषातलं काही कळत नाही, पण इथे तुम्ही सही कधी करता याने काही ठरत नाही हो. सही केलेला कागद सॉलिसिटरकडे आधीच पडून असतो. तुमचा आणि विकणाऱ्याचा सॉलिसिटर फोनवर बोलतात, त्या क्षणी करार बंधनकारक होतो आणि ती वेळ दोघंही नोंदवून ठेवतात. वर चेन असेल, म्हणजे विकणाराही त्याच वेळी दुसरं घर घेत असेल, तर सगळ्यांची फोनाफोनी जुळायला हवी, दुपारचे चार कसे वाजतात कळत नाही. ५ ते ११ टाळा काय, अमुक वाजता कराच असं कोणी हमी देणार नाही.

शंकासुर: चला, मुहूर्त कोणाचा लावायचा, सहीचा की फोनचा?

सायनवाला: हा खरा वाद आहे, आमच्यातही मिटलेला नाही. मी बंधनकारक होण्याचा क्षण धरतो, काही जण शेवटच्या सहीचा. अमेरिकेच्या अध्यक्ष रेगनच्या वेळी हा प्रश्न नव्हता, सही कॅमेऱ्यासमोरच. ८ डिसेंबर १९८७ ला गोर्बाचेव्हबरोबरच्या क्षेपणास्त्र कराराची दुपारी पावणेदोनची वेळ ज्योतिषी जोन क्विग्लीने काढलेली म्हणून गाजली, रेगनच्या पत्नी नॅन्सीबाई तिचा सल्ला घ्यायच्या.

शंकासुर: आणि २०१९ ला अमेरिकेने तोच करार सोडला. आता हा मुहूर्त फसला म्हणायचा की ३१ वर्षं टिकला म्हणायचा? काहीही झालं तरी तुमचंच बरोबर, माझा आक्षेप इथेच आहे.

सायनवाला: आक्षेप रास्त आहे, माझ्याकडे उत्तर नाही. मी फक्त नियम काय म्हणतो ते सांगतो, लिलीच्या भाषेत व्हॉइडमध्ये काम रखडतं, वाईट होतं असं नाही. म्हणून आमच्यातले काही महाभाग टॅक्स रिटर्न मुद्दाम व्हॉइडमध्ये भरतात, पुढे काही चौकशी निघू नये म्हणून. घर घ्यायला मात्र काहीतरी घडावं हीच इच्छा असते.

थेम्सकाठचा: बायको म्हणते शुक्रवार सकाळ. सॉलिसिटरला कारण काय सांगू, मून??

वकीलीण_लंडन: कारण सांगायची गरजच नाही. एक्सचेंजची परवानगी शुक्रवारी सकाळी देतो एवढंच कळवा, तुमच्या परवानगीशिवाय तो करू शकत नाही. पण चेनमध्ये कोणाची मॉर्गेज ऑफर गुरुवारी संपत नाही ना, ते आज विचारा.

सायनवाला: शुक्रवारी चंद्र स्वराशीत, कर्केत. पुढचा योग मात्र गुरूशी केंद्र, उड्या मारण्यासारखा नाही. गुरुवारपेक्षा बरा.

पमाताई: शुक्रवारी राहुकाळ साडेदहा ते बारा असतो हं, तुमच्याकडे किती वाजता ते बघा.