मागून स्विफ्ट ओळखताना

"फोटोत फक्त मागची बाजू आहे, स्विफ्ट कुठल्या सालची आणि व्हीएक्सआय की झेडएक्सआय?"

साल शोधायचं तर आधी दिवे आणि त्यांच्या बाजूचा खांब बघा. तुमच्या फोटोत मागच्या काचेशेजारचा खांब काळा दिसतोय, छत तरंगल्यासारखं वाटतंय. हे २०१८ च्या पिढीचं लक्षण. कोपऱ्यातून थोडी बाजू दिसत असेल तर मागच्या दाराचं हँडलही त्या खांबातच लपलेलं सापडेल. २०२४ च्या नव्या गाडीत हँडल परत दारावर आलं.

आता व्हेरियंट. मागच्या बॅजवर माझा काडीचा भरवसा नाही. दुकानातून आणून कोणीही चिकटवतं. काच बघा. फोटो झूम केलात तर काचेवर बारीक आडव्या रेषा दिसतात का? त्या डिफॉगरच्या. सोबत वायपर असेल तर झेडएक्सआय किंवा त्यावरची. व्हीएक्सआयला कंपनीकडून दोन्ही नव्हतं. काळी फिल्म लावलेली असेल तर रेषा दिसणार नाहीत, तेव्हा वायपरवरच जा.

झेडएक्सआय की झेडएक्सआय प्लस, हे मात्र मागून ठरवू नका. प्लसला कॅमेरा होता खरा, पण तो बाहेरूनही बसवून घेतात. त्यासाठी पुढचा फोटो मागवा, हेडलॅम्प बघूनच कळेल.