मदत हवी आहे: नोकरी सांभाळून बिलिंग ॲपचे पैसे घ्यायचेत, एचआरला काय लिहू?

नमस्कार मंडळी, मी पुण्यात आयटीत आहे, सहा वर्षं झाली. मामेभावाच्या दूध डेअरीसाठी शनिवार-रविवारी बसून उधारी आणि बिलांचं छोटं ॲप केलं, ते बघून अजून दोन डेअरीवाले महिना १,५०० रुपये द्यायला तयार झालेत, अजून मी एक रुपयाही घेतलेला नाही.

अपॉइंटमेंट लेटर नीट वाचलं तर दोन कलमं सापडली. एक, लेखी परवानगीशिवाय दुसरं काम करायचं नाही. दुसरं जास्त टोचतंय, नोकरीत असताना जे काही बनवाल त्याची मालकी कंपनीची, आणि त्यात घरी बनवलं, सुट्टीत बनवलं असा काही फरकच केलेला नाही! सगळा कोड माझ्याच लॅपटॉपवर आहे, पण एकदा घाईत एक दुरुस्ती ऑफिसच्या लॅपटॉपवरून केली, तारखेसकट हिस्टरीत दिसते. ती मेलमध्ये आपणहून सांगावी का?

मित्र म्हणतो बायकोच्या नावावर घे. पण काम मीच करणार, मग ते लपवणंच झालं ना, मला नको वाटतं. टॅक्सचं कळलंय, आयटीआर-१ चालणार नाही, ३ किंवा ४ भरायचा.

कोणी अशी परवानगी घेतलीय का? मालकी माझीच राहील असं लेखी मिळतं का, आणि मेलमध्ये ग्राहक, वेळ, रक्कम किती तपशिलात लिहिलंत? डेअरीवाल्यांना फोन रात्री आठनंतरच करा असं आधीच सांगितलंय.