‘टेस्ट्स गुड’मधलं विशेषण मराठीतच ओळखता येतं

«क्रियापदानंतर क्रियाविशेषणच हवं ना? मग ‘द सूप टेस्ट्स गुड’ बरोबर कसं?»

शब्द क्रियापदाच्या मागे येतो की पुढे, यावर ते ठरत नाही. तो कोणाबद्दल सांगतो ते पाहा. आमटी चांगली लागते, रस्सा चांगला लागतो, वरण चांगलं लागतं. पदार्थाच्या लिंगानुसार ‘चांगला’ बदलतो, म्हणजे ते पदार्थाचं विशेषण आहे. इथे इंग्रजीत गुड. पण ‘तो चांगलं पोहतो, ती चांगलं पोहते’ यात ‘चांगलं’ तसंच राहतं, कारण ते पोहण्याबद्दल आहे. इथे वेल. माझा गोंधळ इतक्या वर्षांनी या खुणेनेच सुटला.

मात्र बोलताना आपण ‘ती चांगली गाते’ असंही म्हणतो, तिथे ही खूण फसते. मग क्रियापद काढून इज किंवा वॉज घालून बघा. ‘ही लुक्ड अँग्री’चं ‘ही वॉज अँग्री’ होतं, अर्थ टिकतो: तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट मी’चं ‘ही वॉज अँग्रिली ॲट मी’ केलं की वाक्यच मोडतं, कारण तिथे लुक म्हणजे दिसणं नसून बघणं आहे.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवाच. आजारातून उठलेल्या मैत्रिणीला मी ‘यू लुक गुड’ लिहिलं होतं. ते रूपाचं कौतुक झालं. मला म्हणायचं होतं ‘यू लुक वेल’, तब्येत सुधारलेली दिसते. तिथे वेल स्वतःच विशेषण आहे.