मदत हवी आहे: ‘अनघा’ नावाचा अर्थ भाषणात कसा सांगू?

रविवारी भाचीचं बारसं आहे आणि दोन मिनिटं बोलायचं काम माझ्याकडे आलंय. नाव ठरलंय अनघा. ‘अघ’ म्हणजे पाप, दुःख. पुढे स्वर आला की नकाराचा ‘अ’ ‘अन्’ होतो, जसा अनंत, अनादीमध्ये. म्हणजे अनघा ही पाप नसलेली, निर्दोष.

अडचण इथेच आहे. दीड महिन्याच्या बाळाचं स्वागत करताना पहिलाच शब्द ‘पाप’! काल घरी वाचून दाखवलं तर ताई हसली आणि आजी गप्पच झाली. शिवाय संधी समजावताना व्याकरणाचा तास वाटला (मी शिक्षक आहे, सवय जात नाही).

आता असा क्रम सुचतोय: आधी बाळाला नावाने हाक, मग ‘जिला कसलाच डाग नाही ती अनघा’ एवढंच, फोड शेवटी एका वाक्यात. पण ‘डाग’ही खटकतो. ‘निर्मळ’ म्हटलं तर नकार राहतो, पण कानाला गोड लागतो. अर्थ पातळ होतो का? कुणी एखादं वाक्य सुचवाल का?