फक्त आमचंच काम करा म्हणणाऱ्या क्लायंटला काय सांगावं

> 'भाषांतराचं काम फक्त आमच्याचसाठी करा म्हणतात, पण महिन्याला किती काम देणार ते सांगत नाहीत. नाही म्हटलं तर तुटतील का?'

माझ्याकडे औषध कंपनीची माहितीपत्रकं करून घेणाऱ्या एका क्लायंटने हेच मागितलं होतं. त्यांना नेमकी भीती कशाची, ते आधी विचारलं. दोन गोष्टी निघाल्या: ऐन वेळी मी मोकळी नसेन, आणि प्रतिस्पर्ध्याकडे त्यांची माहिती जाईल. मग लिहिलं, "सगळी कामं सोडणं जमणार नाही. महिन्याचे आठ दिवस तुमच्यासाठी राखून ठेवते. त्याचे पैसे काम आलं नाही तरी महिन्याच्या सुरुवातीला द्यावेत. न वापरलेले दिवस पुढे जाणार नाहीत. तुम्ही नावं द्याल त्या दोन कंपन्यांचं काम करार चालू असेपर्यंत घेणार नाही."

त्यांनी दोनाऐवजी 'संपूर्ण औषधक्षेत्र' लिहून पाठवलं. ते मात्र मी खोडलं, कारण माझं निम्मं काम त्याच क्षेत्रातलं. करार संपल्यावरही बंदी, असं कलम असेल तर तेही काढायला सांगा. भारतीय करार कायदा, 1872च्या कलम 27नुसार अशी बंदी साधारणपणे टिकत नाही. करार चालू असतानाची मात्र टिकू शकते, म्हणून सही करण्याआधी तेवढा भाग नीट वाचा.